ग्रुपवरच्या पाच ओळी

साडेदहाला एचआरची मीटिंग, अकराला लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस बंद, बारापर्यंत माणूस गेटबाहेर. आयटी कंपनीत नोकरी जाते ती बरेचदा अशीच. मग जेवणाच्या सुट्टीआधी मॅनेजरला टीमच्या ग्रुपवर काहीतरी लिहावं लागतं. उशीर झाला तर कँटीनमध्ये कहाणी तयार होते. घाई झाली तर त्याहून वाईट, कारण गेलेल्याने अजून घरीही सांगितलेलं नसतं.

म्हणून आधी दोन फोन. एचआरला विचारायचं, पत्रात कारण काय लिहिलंय? आणि त्याला, अमोल समजू या, विचारायचं, ‘टीमला एवढंच सांगतोय, चालेल ना? तुझा नंबर देऊ का?’ त्याने होकार दिला, की मग लिहायचं:

‘आज अमोलचा आपल्याकडचा शेवटचा दिवस होता. कंपनीने काही पदं कमी केली, त्यात त्याचं पद गेलं. पेमेंट मॉड्यूलचं काम तूर्त माझ्याकडे आहे, शुक्रवारचं रिलीज पुढे ढकललंय. चार वाजता बोलू, ज्यांना एकेकट्याने बोलायचंय त्यांनी मला फोन करा. अमोलला फोन केलात तर त्याला आवडेल, असं त्यानेच सांगितलंय.’

दुसरं वाक्य पत्राशी जुळलं पाहिजे. पत्रात ‘पद रद्द’ असेल आणि मॅनेजरने ‘कामगिरी’चा नुसता उल्लेख केला, तरी तो स्क्रीनशॉट उद्या वकिलाच्या टेबलावर असू शकतो. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हा शब्दप्रयोग तर टाळाच. अमोल संध्याकाळी मित्रांना खरं सांगणार, आणि मॅनेजर खोटा पडणार. भरपाई किती, यादी कोणी केली, हेही लिहायचं नाही. ते अमोलचं खासगी आहे किंवा मॅनेजरला ठाऊकच नाही.

भावनेचा डोसही मोजून. अमेरिकेतल्या पेजरड्यूटीच्या सीईओ जेनिफर तेहादा यांनी जानेवारी २०२३ मध्ये कपातीच्या ई-मेलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांचं वचन घातलं. टीका झाली, आणि काही दिवसांतच त्यांना माफी मागावी लागली. आपल्याकडचं ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य त्याच जातीचं. कुटुंबातून कोणी साडेअकराला काढत नाही!

खरी कसोटी मेसेजनंतरची. पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतो, ‘अजून कोण?’ ‘काळजी नको, बाकी सगळे सुरक्षित’ असं लिहायची ऊर्मी होते. पण पुढची यादी मॅनेजरला दाखवलेलीच नसते, कधी तो स्वतःच तिच्यात असतो. ‘मला आज तरी पुढचं काही सांगितलेलं नाही. कळेल आणि सांगता येईल तेव्हा सांगेन,’ एवढंच लिहावं. यात ‘सांगता येईल तेव्हा’ गाळू नये. कळलेलं सगळं सांगण्याची मोकळीक त्याला नसते, हे टीमला आधीच माहीत असलेलं बरं.