नाव खोडलं, तरी माणूस कळतो

खालची नोंद या लेखासाठी रचलेली आहे, कुणा खऱ्या रुग्णाची नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात इंडोअर पेपरवर रेसिडेंट डॉक्टर जे लिहितात, ते साधारण असंच असतं.

‘वय ५२, पुरुष, शेतकरी. गावच्या यात्रेत पाडव्यानंतरच्या रविवारी बैलगाडा शर्यतीत बैलाची धडक बसून डाव्या कुशीत मुका मार. ग्रामीण रुग्णालयातून १०८ ने आणले. सोबत चुलतभाऊ, गावचे पोलीस पाटील. एमएलसी केली. सोनोग्राफीत पोटात रक्त, प्लीहा फाटलेली. तातडीने ऑपरेशन करून प्लीहा काढली. रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, रुग्णास पूर्वी माहीत नव्हते. नवव्या दिवशी डिस्चार्ज. लशींसाठी बोलावले, आले नाहीत. १९ महिन्यांनी कडक ताप, रक्तदाब खालावलेला, रक्तात न्यूमोकॉकस.’

शिकवायला ही केस फार मोलाची आहे. प्लीहा, म्हणजे पानथरी, काढलेल्या माणसाची काही जंतूंशी लढण्याची ताकद कायमची घटते. तातडीच्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी त्याला न्यूमोकॉकस आणि आणखी काही जंतूंविरुद्धच्या लशी द्यायच्या असतात. त्या राहून गेल्या, तर महिन्यांनी किंवा वर्षांनी साध्या तापातून काही तासांत जीव जाऊ शकतो. हे वाचून लक्षात राहत नाही, अशा एका माणसाची हकीकत ऐकली की राहतं. म्हणून ही नोंद विद्यार्थ्यांपुढे जायला हवी. मात्र त्यातून हा माणूस कोण, हे कुणाला कळता कामा नये.

वर दिलेल्या मजकुरात नाव नाहीच. केस पेपरच्या डोक्यावरचं नाव, पत्ता, मोबाईल, आधार, आयपीडी नंबर, एमएलसी नंबर हे सगळं आधीच काढलेलं आहे. बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबतं. वरची पट्टी झाकली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. आता त्या तालुक्यातला कुणीही वाचक नोंद पुन्हा वाचेल. पाडव्यानंतरच्या रविवारची यात्रा, शर्यतीत जखमी झालेला माणूस, ज्याचा चुलतभाऊ पोलीस पाटील आहे. पोलीस पाटील गावात एकच असतो. शर्यतीतल्या अपघाताची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात नावासकट आलेली असते. ती बातमी आणि ही नोंद शेजारी ठेवली की नाव मिळतं, आणि नावासोबत त्या माणसाने घरातही कदाचित सांगितली नसेल अशी गोष्ट मिळते, ती म्हणजे हिपॅटायटिस बी.

या वाटेने ओळख पटते, हे १९९०च्या दशकात अमेरिकेत फार ठळकपणे दिसलं. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांचा विमा सांभाळणाऱ्या सरकारी मंडळाने रुग्णालयातल्या भेटींची माहिती संशोधकांना दिली होती. नावं आणि पत्ते काढलेले होते, पण जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा झिप कोड तसाच होता. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड १९९६च्या मे महिन्यात एका पदवीदान समारंभात कोसळले होते आणि ती बातमी सर्वांना माहीत होती. एमआयटीतली विद्यार्थिनी लतान्या स्वीनी हिने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा निघाले, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. त्या ‘निनावी’ माहितीतून गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद वेगळी काढता आली. इथे कोणतीही चोरी झाली नव्हती. दोन कायदेशीर कागद एकमेकांवर ठेवले, एवढंच.

पुढे अमेरिकेच्या ‘हिपा’ कायद्याखालच्या गोपनीयता नियमांनी आरोग्याची माहिती निनावी करण्याचे दोन मार्ग ठरवले. एकात जाणकार तज्ज्ञ धोका मोजून तो फार कमी असल्याची लेखी ग्वाही देतो. दुसऱ्यात १८ प्रकारच्या खुणा सरसकट काढायच्या: नाव, राज्यापेक्षा लहान ठिकाण, वर्ष सोडून बाकी तारीख, फोन, गाडीचा नंबर, चेहऱ्याचा फोटो वगैरे. ८९ पेक्षा जास्त वय असेल तर नेमका आकडा न देता ‘९० किंवा अधिक’ असं लिहायचं, कारण ९७ वर्षांची माणसं एका भागात मोजकीच असतात. ही यादी उपयोगी आहे. तरी आपल्या नोंदीला ती लावून पाहा. यादीत बैल नाही, शर्यत नाही, चुलतभावाचं पद नाही. मात्र त्याच नियमात एक अट आणखी आहे: उरलेल्या मजकुरावरून माणूस ओळखता येतो, हे देणाऱ्याला माहीत असेल तर यादी पाळूनही ती नोंद निनावी ठरत नाही. माझ्या मते सगळ्या नियमातलं हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं.

हजारो नोंदी असतील, तर हे काम आधी सॉफ्टवेअरकडे देतात. ते नावांच्या याद्या पाहतं, फोन नंबरसारखे साचे ओळखतं, शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. आपल्याकडच्या नोंदींत ते दोन्ही बाजूंनी चुकतं. आपले डॉक्टर क्षयरोगाला सर्रास ‘कॉक्स’ लिहितात, रॉबर्ट कॉखच्या नावावरून. परक्या नावांवर तयार झालेलं सॉफ्टवेअर ते माणसाचं नाव समजून पुसतं आणि रुग्णाचा क्षयरोगच नोंदीतून गायब होतो. फोली कॅथेटर आणि राईल्स ट्यूब यांच्यावरही तीच वेळ येते. उलट ‘आशा’ हे रुग्णाचं नाव असलं तरी आशा सेविकेचा उल्लेख समजून तसंच राहतं. ‘पोलीस पाटील’मधलं ‘पाटील’ आडनाव म्हणून जातं आणि ‘गावचे पोलीस’ एवढं उरतं. ‘पाडव्यानंतरचा रविवार’ ही तारीख आहे, हे तर त्याच्या गावीही नसतं.

म्हणून सॉफ्टवेअर किती चांगलं, हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरवायचं नसतं. आपल्याच रुग्णालयातल्या काहीशे नोंदी दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचून हाताने खुणा करायच्या, मग त्यांतल्या किती खुणा सॉफ्टवेअरने पकडल्या ते मोजायचं. शंभरातल्या ९९ पकडल्या, हा आकडा ऐकायला छान वाटतो. पण दर नोंदीत दहा खुणा धरल्या, तर हजार नोंदींत त्या दहा हजार होतात आणि शंभर खुणा उघड्या राहतात. शिवाय बाकी सगळीकडे फुल्या आणि एकाच ठिकाणी नाव असलं, तर ते नाव खरं आहे हे कुणीही सांगेल. यावर एक चांगली युक्ती आहे. फुल्या न मारता प्रत्येक नावाच्या जागी दुसरं, तशाच धाटणीचं खोटं नाव घालायचं. मग एखादं खरं नाव निसटलं, तरी ते खोट्यांच्या गर्दीत मिसळून जातं.

तारखांचा प्रश्न नावांपेक्षा अवघड आहे. आपल्या नोंदीत तारखा नुसत्या पुसल्या तर शिकवण्यासारखं काहीच उरत नाही, कारण नववा दिवस, दोन आठवडे आणि १९ महिने हीच या केसची गोष्ट आहे. म्हणून तारखा सरकवतात. प्रत्येक रुग्णासाठी चिठ्ठी उचलल्यासारखा एक आकडा ठरवायचा, समजा २०३ दिवस, आणि त्याच्या सगळ्या तारखा तेवढ्याच मागे न्यायच्या. दाखल होण्यापासून तापापर्यंतचं अंतर जसंच्या तसं राहतं आणि खरी तारीख लपते. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदी ‘मिमिक’ या नावाने जगभरच्या संशोधकांना वापरायला मिळतात. तिथे रुग्णांच्या तारखा अशाच सरकवून २१०० ते २२०० या सालांत नेल्या आहेत. साल पाहताच ही तारीख खरी नाही हे कळावं, ही त्यातली मोठी सोय. कोणाचा आकडा किती, ही यादी मात्र वेगळ्या कुलुपात राहिली पाहिजे. ती यादी आणि नोंदी एकाच संगणकावर असतील, तर नोंदी निनावी झाल्या असं म्हणता येत नाही.

एवढं करून आपला रुग्ण लपला का? नाही, कारण बैल अजून तिथेच आहे. इथे माणसानेच बसून प्रत्येक वाक्याला विचारावं लागतं की तू या धड्यासाठी हवंस का. पोटाला मुका मार लागून प्लीहा फाटली, हे हवं. तो मार बैलाचा होता की मोटरसायकलचा, याने लशीच्या धड्यात फरक पडत नाही, तेव्हा ‘अपघातात’ पुरे. मात्र बैलाच्या जागी मोटरसायकल लिहायची नाही. तपशील मोघम करणं आणि खोटा तपशील घालणं यांत फरक आहे, कारण उद्या कुणी अशा नोंदी गोळा करून अपघातांची कारणं मोजायला बसला तर त्याचं गणित आपण बिघडवलेलं असेल. ५२ वर्षांचा ‘पन्नाशीतला’ करता येतो. चुलतभाऊ पूर्ण जातो. आणि हिपॅटायटिस बी? लशीच्या धड्याला ते लागत नाही. जी गोष्ट या माणसाला सर्वांत जास्त दुखवू शकते, ती काढल्याने इथे काहीच कमी होत नाही.

उरतं ते असं: ‘पन्नाशीतला पुरुष. अपघातात डाव्या कुशीत मुका मार. प्लीहा फाटल्याने तातडीने काढली. नवव्या दिवशी डिस्चार्ज, लशी राहिल्या. १९ महिन्यांनी कडक ताप, रक्तदाब खालावलेला, रक्तात न्यूमोकॉकस.’ धडा पूर्ण आहे आणि गावात कुणी हे वाचलं तरी बोट कुणाकडे जात नाही. सोबत सीटी स्कॅनची फिल्म दाखवायची असेल, तर तिच्या कोपऱ्यात छापलेलं नाव आणि तारीख चित्रातूनच कापावी लागते. स्लाइडवर वरून काळा चौकोन ठेवला, तर फाइल मिळालेला कुणीही तो उचलून बाजूला ठेवतो.

पण उद्या एखादी शल्यचिकित्सक बैलगाडा शर्यतीतल्या जखमांवरच लेख लिहायला बसली, तर तिला बैल काढता येणार नाही. तिथे गोष्ट हीच ओळख आहे आणि कितीही पुसलं तरी ती राहणार. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम अशा वेळी सरळ आहेत: ओळख पटू शकेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस रिपोर्ट छापायचा असेल, तर त्याची परवानगी हवी. भरतीच्या वेळी घाईत अंगठा घेतलेल्या छापील फॉर्मला अशी परवानगी मानणं मला पटत नाही. लेख तयार झाल्यावर रुग्णाला बोलावून, जे छापणार ते त्याच्या भाषेत वाचून दाखवावं, सोबतचा फोटोही दाखवावा. छापल्यावर ते परत घेता येत नाही, हेही सांगावं. शर्यतीबद्दल तो कदाचित अभिमानाने हो म्हणेल आणि गावाचं नावही राहू द्या म्हणेल. हिपॅटायटिसच्या वाक्याला तो नाही म्हणाला, तर ते वाक्य काढायचं. ते वाक्य ज्याला खरोखर हवं आहे, त्या यकृतविकाराच्या संशोधकाला दुसरी प्रत द्यायची. तिच्यात वयोगट, लिंग आणि रक्ततपासणीचा निकाल असेल, पण यात्रा, बैल आणि अपघात यांतलं काही नसेल.