व्हिलनेल : पालुपद तेच, अर्थ निराळा

व्हिलनेल हा एकोणीस ओळींचा, मूळ फ्रेंच काव्यप्रकार. त्यात तीन-तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचे एक कडवे असते. पहिल्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ ही दोन पालुपदे. पहिले पालुपद पुढे सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या ओळीत येते, तर दुसरे नवव्या, पंधराव्या आणि एकोणिसाव्या ओळीत. ही दोन्ही पालुपदे एकाच यमकाची असतात आणि प्रत्येक कडव्याची पहिली ओळ त्याच यमकात बसते. मधल्या सगळ्या ओळी दुसऱ्या एका यमकात बांधलेल्या असतात. 1606 मध्ये प्रसिद्ध झालेली झाँ पासराची कविता पुढे या साच्याचा नमुना मानली गेली.

म्हणजे एकोणीसपैकी आठ ओळी दोनच ओळींच्या पुनरुक्तीने भरतात. अर्थ तोच राहिला तर तिसऱ्या कडव्यापर्यंत वाचक कंटाळतो. ओळीतला शब्दही न बदलता अर्थ बदलायचा तर तो शेजारच्या ओळीकडून बदलून घ्यावा लागतो. डिलन टॉमसने वडिलांना उद्देशून लिहिलेल्या, 1951 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेत हे व्याकरणाच्या बळावर साधले आहे. इंग्रजीत आज्ञार्थाचे रूप आणि अनेकवचनी वर्तमानकाळाचे रूप एकच असते. त्यामुळे सुरुवातीला आज्ञा असलेली ओळ मधल्या कडव्यांत, आधी कर्ता येताच, ‘अशी माणसे असे वागतात’ एवढे साधे विधान होते आणि अखेरीस वडिलांना केलेली विनवणी होऊन परतते.

मराठीत आज्ञार्थ आणि वर्तमानकाळ वेगळे दिसतात, त्यामुळे ही युक्ती तशीच चालत नाही. पण मराठीला कर्ता गाळण्याची मुभा आहे आणि इथली संयुक्त क्रियापदे अनेकार्थी आहेत. ‘भरून येणे’ आभाळाचे असते, डोळ्यांचे असते, घावाचेही असते. ‘राहून जाणे’ म्हणजे मुक्काम करून निघणे, तसेच करायचे ते न होणे. यावरून सोळा मात्रांची दोन पालुपदे करता येतात :

बघता बघता भरून आले
दोन घडीचे राहुन गेले

(‘राहुन’ मात्रांसाठी ऱ्हस्व केले आहे. ‘आले-गेले’ हे यमकही सैलच, पण चालण्याजोगे.) दोन्ही ओळींत नाम नाही, हे महत्त्वाचे. ‘आभाळ भरून आले’ अशी ओळ घेतली असती तर ती जन्मभर आभाळालाच बांधलेली राहिली असती.

पहिल्या कडव्यात मधली ओळ दोघींना कर्ते पुरवते :

बघता बघता भरून आले
आभाळ, नि ऊन उतारावर
दोन घडीचे राहुन गेले

इथवर केवळ हवामान आहे. दुसऱ्या कडव्यात पालुपदाच्या आधी ‘निरोप देता डोळे झरझर’ ही ओळ ठेवली की तेच भरून येणे रडण्याचे होते. तिसऱ्यात ‘बोलायाचे होते नंतर’ असे म्हटले की ‘राहुन गेले’चा मुक्काम पुसला जातो आणि न झालेले बोलणे उरते. चौथ्यात ‘घाव जुने मग हळूच वरवर’ येते. घाव भरले खरे, पण ‘वरवर’ हा शब्द त्या भरण्यावर शंका घेतो. पाचव्यात ‘आजे-पणजे या ओट्यावर’ दोन घडीचे राहून जातात, म्हणजे मरतात.

या योजनेला लिंग-वचनाची मर्यादा आहे. ‘आले’ नपुंसक एकवचनाशी आणि पुल्लिंगी अनेकवचनाशी जुळते, म्हणून घाव चालतो, जखम चालत नाही. ‘जखम भरून आली’ म्हणताच पालुपद मोडते. काही कवी असा बदल खुशाल करतात. एलिझाबेथ बिशपच्या ‘वन आर्ट’ (1976) या कवितेत एक पालुपद जवळपास जसेच्या तसे येते, दुसऱ्याचा मात्र शेवटचा शब्द तेवढा कायम राहतो. नवख्याने मात्र आधी शब्द न बदलता लिहून पाहावे. सवलत लवकर घेतली की अर्थ वळवण्याचे काम मधल्या ओळीकडून काढून घेतले जाते आणि ती भरतीची होते.

पालुपद खरोखर वळले की नाही, हे तपासता येते. ते झाकून उरलेल्या दोन ओळी वाचाव्यात. वाक्य तेवढ्यातच पुरे होत असेल, तर पालुपद मागून चिकटवलेले आहे. ‘निरोप देता डोळे झरझर’ अर्धवट लोंबकळते, त्याला पुढची ओळ लागते. मधली ओळ पूर्णविरामावर संपत असेल तर बहुधा दोष तिथेच असतो.

शेवटचे कडवे सर्वांत अवघड. तिथे दोन्ही पालुपदे प्रथमच लागोपाठ येतात, म्हणून अनुभवी कवी ती जोडी आधी जुळवून पाहतात आणि मगच मधली कडवी लिहितात. इथे सतरावी ओळ अशी घेता येते :

रित्या घराशी मन हे क्षणभर
बघता बघता भरून आले
दोन घडीचे राहुन गेले

‘मन’ हा कर्ता अठराव्या ओळीतच खर्ची पडतो. एकोणिसाव्या ओळीला कर्ताच उरत नाही, त्यामुळे ऊन, बोलणे आणि आजे-पणजे हे तिचे आधीचे तिन्ही कर्ते एकदमच तिच्यावर हक्क सांगतात.