सही करण्याआधी शेवटचे पान वाचा

प्रवेशाच्या धांदलीत वसतिगृहाची नियमपुस्तिका हातात पडते तेव्हा पालकांचा एक डोळा घड्याळावर असतो आणि दुसरा फी भरायच्या रांगेवर. 'वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत' या ओळीखाली दोन सह्या होतात आणि पुस्तिका बॅगेच्या तळाशी जाते. ती पुन्हा बाहेर निघते ती भानगड झाल्यावरच. तेव्हा कळते की वेळा, पाहुणे आणि फी यांवर पाने भरली आहेत, पण नियम मोडल्यावर नक्की काय होणार, हे दीड ओळीत उरकले आहे: 'रेक्टरांचा निर्णय अंतिम राहील.'

या दीड ओळीतून काय घडू शकते, हे केरळमध्ये २०१९ साली दिसले. कोळिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूर इथल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री मोबाइल जमा करण्याचा नियम होता. मग वेळ बदलली. फोन संध्याकाळी सहा ते रात्री दहा जमा करायचे, कारण ती अभ्यासाची वेळ. इंग्रजी साहित्याच्या एका विद्यार्थिनीने हे मान्य करायला नकार दिला. पुस्तकांव्यतिरिक्तचे साहित्य, घरच्यांशी बोलणे, सगळे त्या फोनवरच होते. शिवाय हे बंधन मुलींवरच होते, असा तिचा आक्षेप होता. तिला वसतिगृह सोडायला सांगण्यात आले आणि ती उच्च न्यायालयात गेली.

'फाहिमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सप्टेंबर २०१९ मध्ये न्या. पी. व्ही. आशा यांनी दिला. शिस्त लावण्याचा अधिकार संस्थेला आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण सज्ञान विद्यार्थिनीने अभ्यास कसा आणि कशावर करायचा हे वसतिगृह ठरवू शकत नाही, आणि इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले. तिला परत प्रवेश द्यावा, असा आदेश झाला. तिने किंवा तिच्या पालकांनी शिक्षकांचा व वॉर्डनचा अवमान होईल असे वागू नये, अशी तंबीही त्याच आदेशात होती. निकाल केरळचा, त्यामुळे महाराष्ट्रातल्या संस्थांवर तो थेट बंधनकारक नाही. पण इथल्या न्यायालयात तो वाचून दाखवता येतो.

वेळांचा प्रश्न मात्र देशभर सारखाच आहे. मुलांचे गेट उघडे आणि मुलींच्या गेटला साडेआठला कुलूप, हे चित्र कुणाला नवे नाही. लैंगिक छळ रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेल्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की, सुरक्षिततेचे कारण देऊन वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. २०२२ मध्ये कोळिकोडच्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींनी साडेनऊच्या बंदीला आव्हान दिले, तेव्हा सरकारला मुलामुलींसाठी सारखा नियम काढावा लागला. म्हणून पुस्तिकेत वेळ किती लिहिली आहे, यापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात. तीच वेळ मुलांच्या वसतिगृहाला आहे का? आणि उशीर झाला तर गेटवर काय होते? नोंदवहीत वेळ आणि कारण लिहून आत घेतात, की गेट बंदच ठेवतात? रात्री अकराला मुलीला रस्त्यावर उभे करणाऱ्या नियमाला सुरक्षेचा नियम म्हणणे हा विनोदच आहे.

पाहुण्यांबद्दलचे नियम बहुधा चोख असतात. भेटीची खोली, रविवारची वेळ, स्थानिक पालकाचा फोटो, नोंदवहीत सही, खोलीत कुणालाही नेण्यास बंदी. हे असायलाच हवे. पण पुस्तिका फक्त बाहेरच्या माणसावर नजर ठेवते. जून २०२३ मध्ये मुंबईतल्या चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली, तेव्हा संशय वसतिगृहाच्याच रखवालदारावर होता. आत काम करणारा सुरक्षारक्षक, सफाईवाला, दुरुस्तीला आलेला माणूस कोणत्या मजल्यावर, किती वाजेपर्यंत आणि कुणाबरोबर जाऊ शकतो, हे ज्या पुस्तिकेत लिहिलेले नाही, तिचे पाहुण्यांचे पान अर्धवटच समजावे.

फीच्या पानावर एकच आकडा पाहून समाधान मानू नये. भाडे, मेस आणि परत मिळणारी अनामत रक्कम वेगवेगळी लिहिलेली असावी, आणि अनामतीतून काय कापले जाऊ शकते याची यादी असावी. खासगी वसतिगृहात किंवा पीजीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दरडोई दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग किमान ९० दिवस राहणार असल्यास, १५ जुलै २०२४ पासून जीएसटी नाही. त्याआधी १२ टक्क्यांवरून वाद चालू होता. महिना ९,००० रुपये भाडे असेल तर तेवढ्या दराने १,०८० रुपये होतात. वर्षभर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या या भाड्याच्या पावतीवर अजूनही कर लावलेला दिसला, तर मालकाला विचारायला संकोचू नये.

आता शेवटचे पान. समजा, एक मुलगी तिसऱ्यांदा उशिरा आली. नीट लिहिलेल्या पुस्तिकेत पहिल्या वेळी तोंडी समज, दुसऱ्या वेळी लेखी ताकीद आणि तिसऱ्या वेळी कारणे दाखवा नोटीस असते. नोटिशीत तारीख, वेळ आणि मोडलेला नियम लिहिलेला असतो, उत्तराला काही दिवस मिळतात, समितीपुढे बोलता येते, आणि निर्णय कारणांसह लेखी हाती येतो. रेक्टरांच्या वर प्राचार्यांकडे अपील करता येते. घोळ होतो तो याच पायऱ्या गाळल्यामुळे. आधी घरी फोन जातो, मग तारीख नसलेल्या हमीपत्रावर सही घेतली जाते, आणि महिन्याभराने तेच हमीपत्र गुन्ह्याची कबुली म्हणून पुढे येते. कोऱ्या किंवा बिनतारखेच्या कागदावर सही करू नये आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवावा.

रॅगिंगला मात्र या पायऱ्या लागू नाहीत. तिथे समज आणि ताकदीचा खेळ नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, संस्थेतून काढून टाकणे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश बंद. प्रमुखाने चालढकल केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरू शकतो. 'आपसात मिटवा' असे रेक्टरांनी सांगितले, तर ते कायद्याला धरून नाही.

पुस्तिका देताना संस्था सही मागते, तेव्हा पालकांनीही एक मागावे: सही केलेल्या पुस्तिकेची, त्यावर वर्ष छापलेली प्रत. वर्षाच्या मध्यात नियम बदलला, तर तो केव्हा आणि कुणी बदलला हे त्या प्रतीवरूनच दाखवता येते. आणि रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मुलांच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी साठवून द्यावा.