आमलेट गरम होतं, तरीही...

३ फेब्रुवारी १९७५. टोकियोहून निघालेलं जपान एअरलाइन्सचं जंबो विमान अलास्कात अँकरेजला थांबून कोपनहेगनकडे चाललं होतं. उतरण्याआधी न्याहारीला हॅम घातलेलं आमलेट मिळालं. तासाभरात मळमळ सुरू झाली. मग उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. १९७ जण आजारी पडले, त्यांतल्या १४०हून अधिक जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं.

तपासाचा माग अँकरेजच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. हॅम हाताळणाऱ्या एका स्वयंपाक्याच्या बोटांवर पिकलेले फोड होते, आणि त्या पुवात होते स्टॅफिलोकॉकस जंतू. पण नुसत्या बोटांनी एवढा अनर्थ झाला नसता. तयार आमलेटं सहा तास बाहेरच राहिली. मग साडेचौदा तास शीतगृहात; तिथलं तापमान मात्र १० अंश, म्हणजे पुरेसं थंड नाहीच. पुढे विमानात आणखी आठ तास, तेही थंडाव्याशिवाय. तेवढ्या अवधीत जंतू वाढले आणि त्यांनी आमलेटातच विष तयार करून ठेवलं.

वाढण्यापूर्वी आमलेटं गरम केली होती. पण उष्णतेने जंतू मरतात, हे विष मात्र उकळूनही टिकतं. ते आयतं पोटात गेल्यामुळे अर्ध्या तासापासून आठ तासांत त्रास सुरू होतो. ताप सहसा येत नाही आणि बहुतेक माणसं दिवसभरात सावरतात. हे जंतू धडधाकट माणसांच्याही नाकात आणि त्वचेवर असतात, त्यामुळे स्वयंपाकी ठणठणीत दिसला तरी निर्धास्त राहता येत नाही.

साल्मोनेलाची चाल वेगळी. हा जंतू जिवंतच पोटात जावा लागतो. आतड्याच्या अस्तरात शिरून तो तिथे वाढतो. म्हणून लक्षणं दिसायला सहा तासांपासून सहा दिवसही लागतात, बहुधा बारा ते छत्तीस तास. सोबत ताप असतो आणि दुखणं चार ते सात दिवस रेंगाळतं.

चांगल्या शिजवण्याने साल्मोनेला मरतो. घोटाळा होतो तो न शिजलेल्या किंवा शिजवल्यानंतर पुन्हा दूषित झालेल्या अन्नात. १९९४ साली अमेरिकेत आइस्क्रीममधून अंदाजे सव्वादोन लाख लोकांना ही बाधा झाली. आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चराइज केलेलं होतं, पण ज्या टँकरांतून ते नेलं, त्यांतून आधी द्रवरूप कच्ची अंडी वाहिली होती. कारखान्यात मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. घरी हाच टँकर म्हणजे कच्चं चिकन कापून नुसती पुसलेली विळी, जिच्यावर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते.

घड्याळावरून संशय येतो, निदान पक्कं होत नाही. बाहेर राहिलेल्या भातातला बॅसिलस सेरिअसही काही तासांतच उलट्या करवतो. खात्री प्रयोगशाळेतच होते, त्यासाठी उरलेलं अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. आणि डॉक्टरांना फक्त शेवटचं जेवण सांगू नये. जुलाबांबरोबर ताप असेल, तर काल-परवाची ताटंही आठवून सांगावीत.