हेक्स फाइलची एक ओळ

बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर ओळखीचा. त्याच्या प्रोग्रॅमची हेक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर अशी एखादी ओळ दिसते:

```
:03000000020030CB
```

कोलन म्हणजे ओळीची सुरुवात. `03` ही लांबी, म्हणजे डेटा तीन बाइटांचा. `0000` हा पत्ता आणि पुढचा `00` हा प्रकार, साधा डेटा. खरा माल `020030` : ‘`0030` या पत्त्यावर उडी मार’ अशी ती आज्ञा आहे. शेवटचा `CB` हा चेकसम.

बूटलोडर कोलनची वाट पाहतो, मग दोन-दोन अक्षरांचा एक बाइट करत बेरीज करत जातो. तोवर डेटा रॅममध्येच थांबतो. इथे बेरीज `35` भरते. `CB` मिळवला की `100`. खालचा बाइट `00` आला, तरच ओळ फ्लॅशमध्ये लिहायची. `:00000001FF` ही ओळ आली की फाइल संपली. तिचा प्रकार `01`.

चेकसमवर मात्र फार विसंबू नये. `00` आणि `30` यांची अदलाबदल झाली, तरी बेरीज तीच राहते आणि उडी थेट `3000` वर पडते. मधली अख्खी ओळ गळाली, तर ते चेकसमला कळणारच नाही. म्हणून प्रोग्रॅम भरल्यावर फ्लॅश परत वाचा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा.