उरतं किती?

“बाबा, ०.९९९… म्हणजे बरोबर १ कसा? थोडा तरी कमी असणारच!” आठवीतल्या लेकीचा प्रश्न. मी १/३ = ०.३३३… लिहून दोन्ही बाजूंची तिप्पट केली. तिने लगेच पकडलं, “पण ०.३३३… तरी नेमका १/३ आहे कशावरून?” शंका रास्त होती. ही युक्ती पाठ्यपुस्तकी असली, तरी मूळ प्रश्न फक्त पुढे ढकलते.

मग म्हटलं, “कमी आहे ना? किती ते सांग.”

“एक दशलक्षांश.”

०.९ ला एकपर्यंत ०.१ उरतो, ०.९९ ला ०.०१. सहा नऊ लिहिले की नेमका एक दशलक्षांश उरतो, सातव्या नऊला त्याचाही दहावा भाग. तिने अब्जांश म्हटलं, मी दहा नऊ लिहिले. ती सांगेल ती फट थोड्या नऊंनी आणखी लहान होत होती.

“मग ०.०००…१ उरेल! शेवटी एक.”

“शेवटी म्हणजे कितव्या घरात?”

ती थांबली. नऊ संपतच नाहीत, तर शेवटचं घर कुठून आणायचं?

“पण एकपर्यंत पोचत तर कधीच नाही!”

खरंय, ०.९, ०.९९, ०.९९९ या रांगेतली एकही संख्या पोचत नाही. पण ०.९९९… ही त्या रांगेतली संख्याच नव्हे. रांग जिच्या हवी तितकी जवळ जाते आणि जवळच राहते, त्या संख्येचं, म्हणजे सीमेचं, ते नाव. ती संख्या १.

“म्हणजे एकाच संख्येची दोन नावं?” तिने विचारलं. “मग ०.४९९९… म्हणजे ०.५?”