हसता हसता गुडघे का वाकतात?

पॅरिसचे डॉक्टर जाँ-बाप्तिस्त जेलिनो यांच्याकडे आलेला ३८ वर्षांचा रुग्ण दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. त्याला दिवसभरात कितीतरी वेळा झोप अनावर व्हायची. त्याहून विचित्र त्रास वेगळाच होता. तो मोठ्याने हसला, धंद्यात चांगला सौदा जमला किंवा पत्त्यांत चांगली पानं हाती आली, की त्याच्या पायांतलं बळच जायचं. १८८० साली जेलिनोंनी या आजाराला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिलं. आनंद झाला की पाय का लटपटतात, हे कळायला मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

ते समजण्यासाठी आधी आपली रोजची झोप पाहू. डोळा लागल्यावर काही मिनिटं हलकी झोप असते, मग ती स्थिरावते आणि पुढे गाढ होते. या तीन टप्प्यांनंतर, साधारण तासा-दीड तासाने, चौथा टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रेम’ झोप म्हणतात. शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिची नोंद केली. सर्वांत ठसठशीत स्वप्नं याच टप्प्यात पडतात. मेंदू जवळपास जागेपणाइतकाच सक्रिय असतो, पण शरीर मात्र निश्चल पडलेलं असतं.

ही निश्चलता मेंदूच घडवून आणतो. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या मधल्या ‘पॉन्स’ या भागातल्या काही पेशी रेम झोपेत सक्रिय होतात. त्यांचा संदेश खाली उतरतो आणि हातापायांचे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी दबल्या जातात. श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू यातून सुटतात. म्हणूनच स्वप्नात आपण धावतो, तरी अंथरुणातच असतो.

ही यंत्रणा जागेपणी आवरून धरण्याचं काम हायपोथॅलॅमसकडे आहे. त्याच्या पुढच्या भागात झोप आणणाऱ्या पेशी असतात. बाजूच्या भागात काही पेशी ‘ओरेक्सिन’ हे रसायन तयार करतात. दोन संशोधक गटांनी १९९८ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधलं. दुसऱ्या गटाने त्याला ‘हायपोक्रेटिन’ म्हटलं, त्यामुळे आजही दोन्ही नावं चालतात. या पेशी मस्तिष्कस्तंभातल्या जागृती टिकवणाऱ्या केंद्रांना सतत चेतवत राहतात आणि ती केंद्रं रेमची यंत्रणा दाबून ठेवतात.

टाइप १ नार्कोलेप्सीत नेमक्या याच पेशी नष्ट होतात. २००० साली मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा ओरेक्सिनच्या बहुतांश पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असं बरेच पुरावे सुचवतात.

आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. खळखळून हसताना निरोगी माणसाचेही स्नायू क्षणभर सैल पडतात. भावनांशी संबंधित केंद्रांचा संदेश पॉन्सपर्यंत पोहोचतो, पण ओरेक्सिन तोल सावरून धरतं. ते नसेल तर भर जागेपणी रेमची निश्चलता सुरू होते. जबडा लोंबतो, मान झुकते, गुडघे वाकतात आणि कधी माणूस कोसळतो. याला ‘कॅटाप्लेक्सी’ म्हणतात. झटका सहसा काही सेकंद ते दोन मिनिटं टिकतो आणि त्या वेळी माणूस पूर्ण शुद्धीत असतो. भोवतालचं बोलणं त्याला ऐकू येतं, नंतर आठवतंही. बहुतेक मोठ्या फिटमध्ये तसं होत नाही. जागेपण आणि रेम झोप यांच्यातली हीच सीमा रात्रीही ढासळते. डोळा लागताना खोलीत कुणीतरी असल्याचा भास होतो किंवा जाग आल्यावर अंग हलेनासं होतं. असा अनुभव एखाद्या वेळी निरोगी माणसालाही येतो, त्यामुळे तेवढ्यावरून निदान होत नाही.

निदान झोपेच्या प्रयोगशाळेत होतं. रात्रभराच्या झोपेची नोंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच वेळा डुलकी घ्यायला सांगतात. झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागला आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत रेम झोप आली, तर नार्कोलेप्सीचं निदान बळावतं. यातली एक वेळ आदल्या रात्रीच्या नोंदीतली असली, तरी ती धरली जाते. नैराश्यावरची अनेक औषधं रेम झोप दाबतात, म्हणून ती आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावी लागतात. अपुरी झोप आणि पाळ्यांची नोकरी यांमुळेही निकाल फसवा येऊ शकतो.

मेलेल्या पेशी परत आणणारा उपाय आज नाही. मोडाफिनिलसारखी औषधं दिवसाची झोप कमी करतात, व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं कॅटाप्लेक्सी आवरतात आणि दुपारी ठरावीक वेळी घेतलेली छोटी डुलकी खरोखर उपयोगी पडते.

हा आजार बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो. पुरेशी झोप होऊनही मूल दिवसा वारंवार झोपत असेल आणि हसताना त्याचे गुडघे वा मान ढिली पडत असेल, तर त्याला रागावू नका. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. निदान होऊन झोप आणि झटके आटोक्यात येईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका आणि एकट्याने पोहायला पाठवू नका.